आठ ओळींची सूचना

जूनमधल्या एका रविवारी सामना आटोपल्यावर आमच्या क्लबचा खजिनदार टपरीवर चहा गार करत बसला होता. त्याच्या फोनवर वर्गणीचा तक्ता उघडा होता. तक्त्याची बेरीज ४,२०० रुपये दाखवत होती आणि बँकेच्या खात्यात मात्र ५,१०० जमा होते. कुणीतरी म्हणालं, "अरे, जास्तच आलेत ना? मग बिघडलं कुठे?" त्यावर तो म्हणाला, "कमी आले असते तर मागता आले असते. जास्तीचे नऊशे कुणाचे म्हणून सांगू?"

आमचा क्लब म्हणजे डोंबिवलीतल्या एका वसाहतीतली अठरा माणसं. रविवारी सकाळी टेनिस बॉलनं खेळायचं, महिन्याला प्रत्येकी तीनशे रुपये काढायचे आणि त्यातून मैदानाचं भाडं, चेंडू नि पाणी भागवायचं. पूर्वी हिशेब वहीत असायचा आणि वही खजिनदाराच्या किटबॅगेत. यंदा तो गूगल शीट्सवर आला. एकच तक्ता, सगळ्यांच्या फोनवर, आणि ज्यानं पैसे भरले त्यानं स्वतःच नोंद करायची. कल्पना चांगली होती. तक्ता कसा उघडायचा आणि कसा भरायचा, याची एक सूचनाही ग्रुपवर गेली होती. ती एकतीस ओळींची होती. अठरांपैकी किती जणांनी ती शेवटपर्यंत वाचली हे मी विचारलं नाही. मी स्वतः वाचली नव्हती.

मी चार ओळी लिहितो म्हणून नवी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की सूचना छोटी करायची तर आधी तक्ता दुरुस्त करावा लागेल. तक्ता जेवढा ढिला, तेवढं सूचनेत जास्त सांगावं लागतं. म्हणून आधी त्या नऊशे रुपयांचा छडा.

तक्ता दिसायला सुबक होता. खजिनदारानं सगळे रकाने हौसेनं मधोमध जुळवून घेतले होते आणि घोटाळा नेमका त्या सुबकपणाखाली लपला होता. शीट्सची एक सवय असते. तुम्ही काही जुळवाजुळव केली नसेल, तर आकडा चौकटीच्या उजव्या कडेला जाऊन बसतो आणि मजकूर डाव्या कडेला. आम्ही रकमेच्या रकान्याची मध्यजुळणी काढून टाकली. चौदा नोंदी उजवीकडे सरकल्या, तीन डावीकडे. त्या तीन अशा होत्या: "300/-", "300 दिले" आणि "तीनशे".

माणसाला या तिन्हींचा अर्थ एकच. बेरजेच्या सूत्राला मात्र हे आकडे नाहीतच, शब्द आहेत. आणि शब्द दिसला की सूत्र तक्रार करत नाही, तो गुपचूप वगळून पुढे जातं. त्रुटीचा लाल शेरा नाही, काही नाही. सतरा जणांचे ५,१०० रुपये आले होते, त्यातले तिघांचे नऊशे मोजलेच गेले नव्हते, म्हणून ४,२००. अठरावा आमचा यष्टिरक्षक. त्यानं तेव्हा खरोखरच पैसे दिले नव्हते. पावतीवर, चेकवर रकमेपुढे "/-" ओढायची सवय आपल्या हाडीमाशी आहे, कारण पुढे कुणी शून्य वाढवू नये. कागदावर जी रेघ पैशांची राखण करते, तीच इथे पैसे गायब करते.

असा शब्द कुठे शिरला आहे का, हे एका ओळीत कळतं. आमच्या तक्त्यात सभासदांच्या ओळी तिसरीपासून विसावीपर्यंत आहेत आणि रक्कम C रकान्यात आहे. तेव्हा वरच्या एका मोकळ्या चौकटीत हे सूत्र लिहायचं:

```
=COUNTA(C3:C20)-COUNT(C3:C20)
```

पहिला भाग भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतो, दुसरा फक्त आकडा असलेल्या. वजाबाकी शून्य आली तर सगळं ठीक. त्या दिवशी ती तीन आली.

पण चूक शोधत बसण्यापेक्षा ती होऊच न देणं बरं. त्यासाठी संगणकावर तक्ता उघडून, रकमेच्या चौकटी निवडून Data या यादीतल्या Data validation मध्ये जायचं, शून्यापेक्षा मोठा आकडाच चालेल असा नियम लावायचा आणि तिथेच Reject input निवडायचं. आता कुणी "300/-" लिहिलं तर तक्ता ते घेतच नाही. जुन्या सूचनेतल्या सहा ओळी या एका नियमानं वाचवल्या.

तारखेचंही असंच. आमच्या तक्त्याला कुणीतरी तयार करतानाच अमेरिकेची रीत लावून ठेवली होती. त्या रीतीत महिना आधी येतो, म्हणून 5/6 म्हणजे ५ जून न होता ६ मे होतो. तेरा तारखेपासून तर आणखी गंमत. 13/6 लिहिलं की तेरावा महिना नसतोच, म्हणून तक्ता ती तारीख न मानता शब्द मानतो आणि डावीकडे ढकलतो. म्हणजे पहिल्या बारा दिवसांत भरणाऱ्यांची तारीख चुकणार आणि नंतरच्यांची तारीख उरणारच नाही. File मधल्या Settings मध्ये जाऊन Locale समोर India निवडलं की हा प्रश्न मिटतो. हे काम एकदाच, तेही एकाच माणसानं करायचं असल्यामुळे सूचनेत त्याला जागा द्यायचं कारण नाही.

मग कुलूप. आमच्या तक्त्यात पाच रकाने आहेत: नाव, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि जमा. यातले मधले तीनच सभासदांनी भरायचे. Data मधल्या Protect sheets and ranges मध्ये अख्खं पान बंद करून फक्त काही चौकटी मोकळ्या ठेवता येतात. आम्ही B3 ते D20 एवढा पट्टा मोकळा ठेवला आणि त्याला फिकट पिवळा रंग दिला. बाकी सगळीकडे खजिनदाराशिवाय कुणाचा हात पोचत नाही. पिवळ्याबाहेर लिहू नका असं बजावायचीही गरज उरली नाही, कारण लिहिताच येत नाही.

शेवटी आकार. पहिल्या तक्त्यात बारा महिने आडवे मांडले होते. संगणकावर ते छान दिसतं. फोनवर डिसेंबरकडे सरकेपर्यंत नावाचा रकाना पडद्याबाहेर जातो आणि माणूस दुसऱ्याच्याच ओळीत लिहून मोकळा होतो. आता प्रत्येक महिन्याला वेगळं पान आहे. पानांची नावं तळाच्या पट्टीवर दिसतात. बेरजा तळाशी न ठेवता सर्वांत वर घेतल्या, म्हणजे तक्ता उघडताच दिसतात. वरच्या दोन ओळी आणि नावांचा रकाना गोठवून ठेवला, त्यामुळे पान कितीही सरकवलं तरी आपलं नाव जागचं हलत नाही.

हे सगळं झाल्यावर जी सूचना उरली ती अशी:

जून महिन्याची वर्गणी ३०० रुपये, १० तारखेपर्यंत.

१. वर्गणीचा तक्ता या लिंकवर आहे. हीच लिंक ग्रुपच्या माहितीतही सापडेल. फाइल उतरवून घेऊ नका, लिंकच उघडा.

२. फोनवर Google Sheets हे अ‍ॅप हवं. जो जीमेल पत्ता खजिनदाराला दिलात, त्याच खात्यातून उघडा.

३. You need access असं दिसलं तर Request access दाबू नका. खातं बदलून पाहा.

४. तळाच्या पट्टीवर ‘जून’ निवडलेलं आहे ना, ते बघा.

५. आधी पैसे भरा. मग आपल्या नावासमोर पिवळ्या चौकटींत तीनच गोष्टी: तारीख (5/6), रक्कम (300), व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक. रोख दिले असतील तर अंकांऐवजी ‘रोख’.

६. चौकटीवर लागोपाठ दोनदा बोट टेकवा, लिहा, मग ✓ दाबा.

७. चुकलं तर वरचा मागे वळलेला बाण दाबा. गोंधळ झाला तर काही पुसू नका, खजिनदाराला फोन करा.

८. ‘जमा’ची खूण खजिनदार करील. ती दिसली की तुमची वर्गणी पोचली.

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या फजितीतून आली आहे.

पहिल्या ओळीतली फजिती सर्वांत जुनी. सुरुवातीला खजिनदारानं तक्त्याची एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती. ती ज्यानं ज्यानं उघडली, त्याच्या फोनवर तिची एक स्वतंत्र प्रत उतरली. प्रत्येकानं आपापल्या प्रतीत "भरले" असं लिहिलं आणि ती बंद केली. खजिनदाराची प्रत कोरीच. अशी फाइल म्हणजे वहीची झेरॉक्स. तुमच्या झेरॉक्सवर तुम्ही काहीही लिहा, वहीत उमटत नाही. लिंक म्हणजे वहीच जिथे ठेवली आहे ती जागा. तिथे जो जाईल तो त्याच पानावर लिहितो आणि बाकीच्यांना ते लगेच दिसतं. फरक ओळखायची खूण सोपी आहे: ज्याच्या नावापुढे .xlsx आहे ती झेरॉक्स, आणि docs.google.com पासून सुरू होते ती वही. ही लिंक गप्पांच्या ओघात वर जाऊन हरवते, म्हणून ती ग्रुपच्या माहितीत चिकटवून ठेवलेली बरी.

दुसरी नि तिसरी ओळ खात्यांची. तक्ता दोन तऱ्हांनी वाटता येतो. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लिहू द्यायचं, किंवा Share मध्ये अठरा जणांचे जीमेल पत्ते घालून त्यांनाच Editor करायचं. पहिली तऱ्हा दोन मिनिटांची, पण लिंक कुणी दुसऱ्या ग्रुपवर ढकलली की परका माणूसही आपल्या हिशेबात हात घालू शकतो. आम्ही दुसरी निवडली. एक संध्याकाळ गेली, पण कुणी कुठे काय बदललं ते आता नावानिशी कळतं.

त्याची किंमत म्हणजे ती You need access ची पाटी. ती दिसली की लोकांना वाटतं, आपल्याला क्लबातून काढलं. आमच्या सलामीच्या फलंदाजानं तर खजिनदाराला रात्री अकरा वाजता फोन करून विचारलं, "दादा, माझं काही चुकलं का?" चुकलं काहीच नव्हतं. त्याच्या फोनवर दोन खाती होती, एक घरचं आणि एक ऑफिसचं. पत्ता दिला होता घरचा आणि अ‍ॅप उघडलं होतं ऑफिसच्या खात्यातून. अशा वेळी Request access दाबलं की खजिनदाराला एक अनोळखी पत्ता असलेली मेल जाते. हा पत्ता कुणाचा, हे त्याला ओळखू येत नाही, आणि ओळखून परवानगी दिलीच तर एका माणसाचे दोन पत्ते यादीत बसतात. त्यापेक्षा Sheets अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर वर उजवीकडे जो गोल फोटो किंवा अक्षर असतं, त्यावर बोट ठेवून दुसरं खातं निवडायचं आणि मग लिंक पुन्हा उघडायची. अ‍ॅपच नसेल तर लिंक ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तक्ता वाचता येतो, पण लिहायला गेलं की बहुतेक वेळा अ‍ॅपच मागितलं जातं.

सहावी ओळ वाचून काही जण हसले. दोनदा बोट टेकवा, हेही सांगायचं? पण सर्वांत जास्त फोन याच गोष्टीसाठी यायचे. चौकटीवर एकदा बोट टेकवलं की ती नुसती निवडली जाते, भोवती निळी कड येते, कीबोर्ड येत नाही. माणूस वाट बघतो आणि मग "माझ्या फोनवर लिहिता येत नाही" असा निरोप टाकतो. दोनदा टेकवलं की कीबोर्ड येतो. आणि लिहून झाल्यावर ✓ दाबेपर्यंत ते लिहिणं अर्धवटच असतं. तीनशे लिहून तसाच फोन खिशात टाकला आणि नोंद झालीच नाही, असं आमच्याकडे दोघांचं झालं आहे.

पाचव्या ओळीतले शेवटचे चार अंक का, याचं उत्तर बँकेच्या उताऱ्यात आहे. यूपीआयनं पैसे पाठवले की बारा अंकी व्यवहार क्रमांक मिळतो. खजिनदाराच्या उताऱ्यातही तोच असतो. पण उताऱ्यावरचं नाव दर वेळी उपयोगी पडेलच असं नाही, कारण कुणी बायकोच्या खात्यातून भरतं, कुणी वडिलांच्या. रक्कम तर सगळ्यांची सारखीच, तीनशे. अशा वेळी एका माणसाची नोंद दुसऱ्यापासून वेगळी ओळखायला चार अंक पुरतात, आणि बारा अंक फोनवर टाइप करताना एखादा चुकतोच. इथेही एक खाचखळगा होता. क्रमांकाचा शेवट 0417 असा असेल तर तक्ता त्याला आकडा समजून पुढचं शून्य खातो आणि 417 दाखवतो. म्हणून त्या रकान्याला Format मधल्या Number मध्ये जाऊन Plain text केलं. आता शून्य टिकतं आणि ‘रोख’ हा शब्दही तिथे चालतो. जिथे आकडाच हवा तिथे शब्दाला मज्जाव, आणि जिथे आकडा केवळ खुणेसाठी आहे तिथे त्याला शब्दच मानायचं.

आठवी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यावरच थोडा वाद झाला. "मी भरले म्हणून लिहिलं, मग वर पुन्हा जमाची खूण कशाला? विश्वास नाही का?" प्रश्न विश्वासाचा नाही. पैसे पाठवले हे सभासद सांगतो, पैसे आले हे बँक सांगते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआयचा व्यवहार कधी मध्येच अडकतो. कधी पैसे दुसऱ्याच कुणाला जातात. म्हणून सभासद पिवळ्या चौकटी भरतो आणि खजिनदार उतारा बघून शेवटच्या रकान्यातल्या छोट्या चौकोनात खूण करतो. वरती दोन बेरजा आहेत:

```
=SUM(C3:C20)
=SUMIF(E3:E20,TRUE,C3:C20)
```

पहिली सांगते, किती भरल्याचं लिहिलं आहे. दुसरी फक्त ज्यांच्यापुढे खूण आहे त्यांच्या रकमा मिळवते. महिनाअखेरीस दोन्ही सारख्या असाव्यात आणि दुसरी बँकेशी जुळावी. जुळली नाही तर फरकच वाट दाखवतो. जुलैत पहिली बेरीज ५,४०० होती आणि दुसरी ५,१००. फरक तीनशेचा, म्हणजे एकच माणूस. ओळी खाली वाचत गेलो तर खूण नसलेलं नाव खुद्द खजिनदाराचं निघालं. सगळ्यांना खुणा करताना स्वतःची राहिली होती.

सातव्या ओळीत पुसू नका असं लिहिलं आहे ते घाबरवण्यासाठी नाही. माणूस चुकला की आधीची स्थिती आणायच्या नादात आणखी चार चौकटी रिकाम्या करतो. फोनवर मागे वळलेला बाण शेवटची कृती परत घेतो, तेवढं सभासदाला पुरेसं आहे. त्यापुढचं काम संगणकावरचं. तिथे File मधल्या Version history मध्ये तक्त्याच्या जुन्या अवस्था साठवलेल्या असतात. पण तिथेही घाई नको. सकाळची अवस्था परत आणली तर सकाळनंतर बाकीच्यांनी भरलेल्या नोंदीही जातात, कारण परत येतो तो सबंध तक्ता. एकच चौकट बिघडली असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून Show edit history बघायचं, आधी तिथे काय होतं आणि कुणी बदललं ते वाचायचं आणि तेवढंच पुन्हा लिहायचं.

चौथी ओळ मात्र आता जवळजवळ निरुपयोगी झाली आहे. महिना संपला की खजिनदार ते अख्खं पान बंद करून टाकतो, त्यामुळे जुलैची वर्गणी जूनच्या पानावर लिहायला गेलं तर लिहिताच येत नाही. तरी ती ओळ मी ठेवली. कुलूप माणसाला अडवतं, पण आत कुठून जायचं ते सांगत नाही.

आमच्यात एक काका आहेत. वय सत्तरच्या पुढे, हल्ली खेळत नाहीत, पंच म्हणून उभे राहतात. वर्गणी मात्र पूर्ण देतात, आणि ती रोख, मैदानावरच, घडी केलेल्या तीन नोटा. त्यांचा फोन साधा आहे. सूचनेतली एकही ओळ त्यांच्या कामाची नाही. खजिनदार नोटा घेतो, तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या नावासमोर तारीख, 300 आणि ‘रोख’ भरतो, शेवटच्या चौकोनात खूण करतो आणि फोन त्यांच्यापुढे धरतो. काका चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात, आपली ओळ बोटानं वाचतात आणि मगच स्टंपांमागे जाऊन उभे राहतात.